चार दिवसांचं उपोषण: वासुदेव बळवंतांच्या मृत्यूचं कारण कसं तपासावं

प्रश्न: गावातल्या शाळेसाठी वासुदेव बळवंत फडक्यांचा माहितीफलक करतोय. एका ठिकाणी लिहिलंय की एडनच्या तुरुंगातून पळाले, पकडले गेले आणि आमरण उपोषण करून वारले. दुसरीकडे क्षयाने वारले असं आहे. तारीख दोन्हीकडे १७ फेब्रुवारी १८८३ च. यातलं खरं कोणतं आणि ते तपासायचं कसं?

उत्तर:

मृत्यूचं कारण क्षणभर बाजूला ठेवा. आधी पलायनाची तारीख पाहा. वाद उपोषण की क्षय असा दिसत असला तरी त्याची किल्ली तिथे आहे, आणि दोन मजकूर समोरासमोर ठेवून वाचणारे बहुतेक जण नेमकी तीच ओळ ओलांडून पुढे जातात.

उपोषणाची गोष्ट जिथे जिथे आहे तिथे ती साधारण अशी येते: १३ फेब्रुवारी १८८३ ला फडक्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडलं, ते पळाले, लगेच पकडले गेले, मग त्यांनी अन्न वर्ज्य केलं आणि १७ तारखेला प्राण सोडला. दुसऱ्या बाजूच्या चरित्रपर लेखनात पलायन आहे, दार उखडणंही आहे, पण साल १८८० आणि महिना ऑक्टोबर. त्यानंतर जास्त कडक बंदोबस्त, दोन-सव्वादोन वर्षं खालावत गेलेली प्रकृती आणि क्षयाने मृत्यू. म्हणजे या दोन कथांमध्ये फक्त शेवटचं वाक्य वेगळं नाही. एकीत पलायन ते मृत्यू हे अंतर चार दिवसांचं आहे, दुसरीत अठ्ठावीस महिन्यांचं. कारणाचा निकाल या अंतरावर बराचसा लागतो.

चार दिवसांत उपोषणाने माणूस मरतो का? पाणी पिऊन केलेल्या उपोषणाने, अंगात जरा बळ असलेला सदतीस वर्षांचा माणूस मरत नाही. जैनांच्या पर्युषणात अठ्ठाई करणारी माणसं आठ दिवस उकळलेल्या पाण्यावर राहतात आणि पारणं करून कामाला लागतात. पूर्ण उपोषणात पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरतं, दिवसाला किलोच्या आसपास, पण त्यात मोठा वाटा पाण्याचा आणि यकृत-स्नायूंतल्या साठवलेल्या साखरेचा असतो. पुढे ते रोज अडीचशे-तीनशे ग्रॅमवर येतं, कारण शरीर चरबीवर जगायला शिकतं. मूळ वजनाच्या १८ टक्क्यांच्या आसपास घट झाली की डॉक्टर धोक्याची घंटा वाजवतात, आणि जीव जातो तो साधारण ४० टक्के घटीच्या टप्प्यात. साठ किलोच्या माणसाला तिथवर पोचायला कित्येक आठवडे लागतात. नोंदलेली उदाहरणंही हेच सांगतात. लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास १३ सप्टेंबर १९२९ ला गेले ते उपोषणाच्या ६३ व्या दिवशी. आयर्लंडमधल्या कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी १९२० साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांनी गेले.

इथे घाई करून 'मग उपोषण खोटं' असं लिहून टाकू नका. चार दिवसांत मृत्यू येण्याच्या तीन वाटा आहेत, आणि प्रत्येकीचा माग वेगळा राहतो.

पहिली वाट निर्जळीची. पाणीही बंद केलं तर माणूस तीन दिवसांपासून आठवड्याभरात जाऊ शकतो. ऊन, ताप, अंगमेहनत असेल तर आणखी लवकर. एडन उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं, पण फेब्रुवारीत तिथली हवा त्यातल्या त्यात सौम्य असते, म्हणून ही वाट बंद नसली तरी अरुंद आहे. तुमच्या हातातल्या मजकुरात 'निर्जळी' किंवा 'पाण्याचा थेंब घेतला नाही' असं स्पष्ट आहे का ते पाहा. असेल तर ते वाक्य कुठून आलं ते शोधायचं. नसेल तर ते आपल्या पदरचं घालायचं नाही.

दुसरी वाट बळजबरीने अन्न घालण्याची. हे नीट समजून घ्या, कारण कोठडीतल्या मृत्यूंमध्ये सगळ्यात मोठे घोळ इथेच होतात. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये महावीर सिंग यांचं उपोषण १२ मे १९३३ ला सुरू झालं आणि १७ मे ला त्यांचा मृत्यू झाला. पाच दिवस. ते भुकेने गेले नाहीत. नळीने दूध घालताना ते फुप्फुसात उतरलं आणि त्याने गेले. त्याच महिन्यात त्याच तुरुंगात मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र हेही बळजबरीच्या अन्नानंतर न्यूमोनियाने गेले. असा मृत्यू कागदावर 'न्यूमोनिया' म्हणून उतरला तर तो शब्द खोटा नसतो, पण तो साखळीच्या शेवटच्या कडीवर थांबलेला असतो. म्हणून उपोषण आणि मृत्यू यांच्यातलं अंतर आठवड्याहून कमी असेल तर पहिला प्रश्न हा: अन्न जबरदस्तीने घातलं का? फडक्यांच्या बाबतीत तसं म्हणायचं तर नळी, दूध, हात-पाय धरणारे शिपाई, डॉक्टर यांचा काही तरी उल्लेख कुठे तरी सापडायला हवा. त्याशिवाय अंदमानच्या १९३३ च्या घटना उचलून एडनच्या १८८३ मध्ये ठेवता येणार नाहीत.

तिसरी वाट ही की माणूस आधीच मरणाला टेकलेला होता आणि त्याने अन्न सोडलं. ही वाट मला सगळ्यात विचार करण्याजोगी वाटते, आणि त्याचं कारण थोडं आपल्या भाषेतही आहे. मराठीत 'अन्न सोडलं', 'अन्न टाकलं' हे आपण दोन्ही अर्थांनी म्हणतो. निषेध म्हणून जेवण नाकारणाऱ्यालाही, आणि दुखण्याने अन्नावरची वासना उडालेल्या माणसालाही. 'आजोबांनी चार दिवसांपूर्वी अन्न सोडलं आणि काल गेले' हे वाक्य आपल्या घरांमध्ये नेहमी ऐकू येतं; त्यात कोणी उपोषणाचा अर्थ घेत नाही. फुप्फुसांच्या क्षयात शेवटी भूक मरते, हे त्या रोगाचं ठळक लक्षण आहे. तेच वाक्य क्रांतिकारकाबद्दल बोललं गेलं आणि दोन-तीन तोंडांतून फिरलं, की 'सोडलं' या शब्दाला संकल्पाची धार येते. शेवटच्या काही दिवसांचं अन्न न घेणं, त्याला चिकटलेलं पलायन आणि हे दोन्ही बसावेत म्हणून सरकवलेली तारीख, अशी चार दिवसांच्या कथेची घडण असू शकते. हा माझा तर्क आहे, फलकावर लिहायची गोष्ट नाही. पण तो कसा पडताळायचा हे सांगता येतं, म्हणून मांडला.

पडताळणीला पलायनापासून सुरुवात का करायची, तर पलायन ही गाजावाजा करणारी घटना आहे. आजारी कैदी वारला तर तुरुंगात एक-दोन नोंदी होतात आणि संपतं. जन्मठेपेचा राजकीय कैदी पळाला तर पहारेकऱ्यांची चौकशी होते, शिक्षा होतात, दार-कड्या-बेड्यांच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करावा लागतो, आणि एडनच्या रेसिडेंटला मुंबई सरकारला कळवावंच लागतं. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं, १९३२ पर्यंत. म्हणून त्या पत्रव्यवहाराचं एक टोक एडनला आणि दुसरं मुंबईत सापडण्याची शक्यता असते. मृत्यूचं कारण शोधणाऱ्याने १८८३ च्या कागदांपासून सुरुवात केली तर हाती फार थोडं लागतं. १८८० पासून केली तर माणसाची प्रकृती, बंदोबस्त, हलवाहलव यांची दोरी हातात येते.

मुंबईचं टोक म्हणजे फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार. तिथे ज्युडिशियल डिपार्टमेंटचे खंड बघायचे. त्यांची मांडणी वर्ष, खंड आणि कंपायलेशन क्रमांक अशी असते. आधी त्या वर्षाची सूची मागवा, आणि सूचीत फक्त फडके आडनाव शोधू नका. 'एडन', 'कैदी', 'पलायन', 'तुरुंग' या विषयांखालीही पाहा, कारण कारकुनाने विषय लावताना आडनावाचा विचार केलेला नसतो. १८८० चा शेवट आणि १८८१ चा आरंभ, तसंच १८८३ चे पहिले सहा महिने, एवढा पल्ला धरा. वर्षाच्या शेवटी घडलेल्या घटनेची चौकशी पुढल्या वर्षाच्या खंडात बांधलेली असते, हे विसरलं की माणूस 'काहीच नाही' म्हणून हात हलवत परत येतो.

दुसरं टोक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. एडनच्या ब्रिटिश प्रशासनाचे कागद तिथे `IOR/R/20` या मालिकेत आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. शोधताना स्पेलिंग हा मोठा अडसर असतो. त्या काळचे इंग्रज कारकून कानाला येईल तसं लिहीत, आणि आडनावापेक्षा पहिल्या नावाने नोंद करण्याची सवयही होती. हे प्रकार एकेक करून टाका:

```
Wasudeo Bulwant
Wassudeo Bulwunt
Vasudeo Balwant
Wasudev Phadke
Phadkay
Fadke
```

नाव सापडलं नाही तर रोगाच्या शब्दाने आणि ठिकाणाने शोधा: `Aden jail`, `phthisis`, `escape of convict`.

आता १८८३ मधल्या त्या 'क्षय' शब्दाकडे थोडं जवळून पाहू. सरकारी नोंदीत क्षय दिसला म्हणजे प्रश्न सुटला असं समजणारे, उपोषणावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांइतकेच घाई करतात. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला तो २४ मार्च १८८२ ला, म्हणजे फडक्यांच्या मृत्यूच्या जेमतेम अकरा महिने आधी. लांबच्या बंदरावरच्या तुरुंगात थुंकी तपासून निदान झालं असेल अशी अपेक्षा धरता येत नाही. निदान डोळ्यांनी आणि कानाने व्हायचं: खोकला, रक्त पडणं, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, छातीवर कान किंवा नळी लावून ऐकू येणारे आवाज, आणि वाळत जाणारं शरीर. त्यासाठी इंग्रज डॉक्टर लिहीत तो शब्द थायसिस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ झिजणं, आणि आपला 'क्षय' हाही तसाच. झिजण्याला दुसरीही कारणं असतात. महिनोन् महिने चाललेली हगवण, अपुरं अन्न, दीर्घ उपासमार, यांनीही माणूस तसाच दिसायला लागतो. म्हणून नुसता एक शब्द नको, लक्षणं हवीत. खोकला आणि रक्त यांचा उल्लेख असेल तर निदानाला वजन येतं. नुसतं 'डिबिलिटी' म्हणजे अशक्तपणा लिहिलं असेल, तर ते निदान नव्हेच. तिथे संशयाला पूर्ण जागा आहे.

कोणत्या नोंदी मागायच्या याची उत्तम यादी १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या पंधराव्या कलमात आहे. तो कायदा फडक्यांच्या नंतरचा, त्यामुळे एडनच्या डॉक्टरवर तो बंधनकारक नव्हता. तरी प्रश्नावली म्हणून तो तुमच्या उपयोगाचा आहे, आणि १८९४ नंतर ब्रिटिश अमलातल्या तुरुंगात वारलेल्या कैद्याच्या बाबतीत तो थेटच लागू पडतो. कैदी वारला की वैद्यकीय अधिकाऱ्याने लगेच लिहून ठेवायचं: पहिली तक्रार कोणत्या दिवशी केली, त्या दिवशी त्याला कोणतं काम दिलं होतं, त्या दिवशी आहार किती होता, दवाखान्यात कधी दाखल केलं, डॉक्टरला आजाराची खबर प्रथम कधी मिळाली, रोग कोणता, मरणापूर्वी डॉक्टरने शेवटचं कधी पाहिलं, मृत्यू कधी झाला, आणि शवविच्छेदन केलं असेल तर आत काय दिसलं.

या यादीत रोगाचं नाव एकाच ओळीत आहे. उरलेल्या ओळी तारखांच्या आणि आहाराच्या आहेत, आणि सत्य बहुतेक वेळा तिथून बाहेर पडतं. पहिली तक्रार आणि मृत्यू यांच्यात सहा महिने असतील, मध्ये दवाखान्यात येणं-जाणं असेल, तर क्षयाची वाट सरळ दिसते. पहिली तक्रार मृत्यूच्या चारच दिवस आधीची असेल आणि रोग क्षय लिहिला असेल, तर नोंद स्वतःशीच भांडते आहे. फुप्फुसांचा क्षय सहसा चार दिवसांत कळून मारत नाही. आहाराच्या ओळीत दूध, पेज, रुग्णाहार असं काही दिसलं तर कैदी आजारी म्हणून धरला गेला होता. नेहमीचा आहार लिहून पुढे 'घेतला नाही' असेल तर ती वेगळी गोष्ट. वजनाच्या नोंदी मिळाल्याच तर त्यांच्याइतकी बोलकी गोष्ट नाही: क्षयात वजन महिनोन् महिने सावकाश घसरतं, उपोषणात पहिल्याच आठवड्यात कडा तुटल्यासारखं खाली येतं.

डॉक्टर सरकारी नोकर होता, मग त्याच्या नोंदीवर विश्वास का ठेवायचा, असा प्रश्न लोक हमखास विचारतात. तो रास्त आहे. मी फरक करतो तो नोंद कधी झाली यावरून. मृत्यूआधी, रोजच्या कामाच्या ओघात, कोणी विचारलेलं नसताना लिहिलेली ओळ आणि मृत्यूनंतर वरिष्ठांनी खुलासा मागितल्यावर लिहिलेलं पत्र यांना एकच वजन देता येत नाही. पहिलीत आळस असू शकतो. दुसऱ्यात बचाव असतो. दोन्ही मिळाले आणि त्यांत तफावत दिसली तर ती तफावत हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. शिवाय राजकीय कैद्याने अन्न नाकारलं तर ती तुरुंगासाठी शिस्तीची बाब होते. दवाखान्याच्या नोंदीपलीकडे शिक्षांच्या नोंदीत किंवा वर पाठवलेल्या पत्रातही तिचा माग राहायला हवा.

या प्रकरणात आणखी एक अडचण आहे. फडक्यांचं स्वतःचं लेखन आपल्याकडे आहे. आत्मवृत्त आणि रोजनिशी, मुंबई सरकारने १९५७ साली काढलेल्या स्वातंत्र्यलढ्याच्या साधनखंडाच्या पहिल्या भागात त्याचं इंग्रजी रूप छापलेलं आहे. लोक त्याचा हवाला देऊन एडनबद्दलही लिहितात. पण ते लेखन १८७९ पर्यंतचं आहे. त्याच वर्षीच्या जुलैत देवर नावडगीला ते पकडले गेले, नोव्हेंबरात पुण्यात जन्मठेप झाली, आणि एडनचा काळ त्यानंतरचा. तेव्हा मृत्यूच्या कारणासाठी त्या लेखनाचा पुरावा म्हणून उपयोग शून्य. स्वभावाची साक्ष म्हणून मात्र आहे. श्रीशैलाला मल्लिकार्जुनापुढे जीव अर्पण करण्याचा विचार त्यांच्या मनात आला होता, हे त्यातून कळतं. हा माणूस अन्नत्याग करूच शकला नसता असं म्हणणाऱ्याला ते उत्तर आहे. त्याने केलाच, हे त्यातून ठरत नाही.

वर्तमानपत्रांकडे वळलात तर तारखा आधी मांडून घ्या. 'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला सुरू झाला, म्हणजे ऑक्टोबर १८८० च्या पलायनाची ताजी बातमी त्यात असणं शक्यच नाही; त्यासाठी जुनी पत्रं पाहावी लागतील. मृत्यूच्या वेळी मात्र तो चालू होता. १७ फेब्रुवारी १८८३ ला शनिवार होता आणि केसरी मंगळवारी निघे. एडन-मुंबई तार १८७० पासून होती, पण सरकारी तार म्हणजे छापलेली बातमी नव्हे. आगबोटीच्या टपालाला साधारण आठवडा धरा. म्हणून २० फेब्रुवारीच्या अंकात काही नाही म्हणून थांबू नका, मार्च संपेपर्यंत चाळा. देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश सरकार दर आठवड्याला काढत असे. मूळ अंक मिळत नसतील तर ते सारांश हाताशी असतात. देशी वृत्तपत्रांचा मुस्कटदाबी कायदा १८८२ च्या जानेवारीत रद्द झाला होता, तेव्हा त्या भीतीने गप्प बसले असं १८८३ बद्दल सरसकट म्हणता येत नाही. राजद्रोहाचं कलम १८७० पासून होतं, ती टांगती तलवार होतीच. त्यामुळे वर्तमानपत्रात उपोषण नसणं हा उपोषणाविरुद्धचा पुरावा आहे, पण हलका.

आंतरजालावर उपोषणाची गोष्ट पन्नास ठिकाणी असेल. ते पन्नास साक्षीदार नव्हेत. एक सोपी परीक्षा करा: १३ फेब्रुवारी ही तारीख आणि दाराच्या बिजागऱ्या या दोन खुणा एकत्र जिथे जिथे दिसतात ते सगळे मजकूर एकत्र बांधा. शब्दरचना जवळपास सारखी निघाली तर तो एकच साक्षीदार, फक्त पन्नास वेळा उतरवलेला. मग त्यातला सगळ्यात जुना छापील मजकूर कोणता ते शोधा आणि तो १९२९ च्या आधीचा आहे की नंतरचा हे बघा. जतींद्रनाथांच्या मृत्यूनंतर तुरुंगातलं उपोषण हे क्रांतिकारकाच्या मरणाचं सगळ्यांच्या मनात ठसलेलं रूप झालं, आणि आधीच्या चरित्रांवर ते रूप चढवण्याचा मोह तेव्हापासून आहे. १९२९ आधीच्या छापील मजकुरात उपोषण सापडलं, तर माझ्या मनातलं उपोषणाचं पारडं बरंच जड होईल.

आता हाती असलेल्या गोष्टींवर माझं मत. '१३ ला पळाले, १७ ला उपोषणाने गेले' हे वाक्य आहे तसं टिकत नाही, कारण निर्जळी, बळजबरी किंवा आधीचा असाध्य आजार यांपैकी काही जोडल्याशिवाय त्यातलं वैद्यकीय गणितच बसत नाही. आधीचा आजार जोडला की ते वाक्य गुपचूप क्षयाच्या बाजूला सरकतं. ऑक्टोबर १८८० चं पलायन, त्यानंतरचा कडक बंदोबस्त आणि क्षय हा क्रम अंतर्गत विसंगतीशिवाय उभा राहतो. पण 'क्षयाने मृत्यू' म्हणजे 'नैसर्गिक मृत्यू' असं कोणी वाचू नये. आज डॉक्टर मृत्यूचा दाखला भरतात तेव्हा तात्कालिक कारण, त्यामागचं कारण, मुळाशी असलेलं कारण आणि भर घालणाऱ्या गोष्टी असे वेगळे रकाने असतात. तेच रकाने इथे आखले तर क्षय मुळाशी बसतो, शेवटी अन्न न घेणं असेल तर ते भर घालणाऱ्यांत जातं, आणि बेड्या, एकांत कोठडी, तुरुंगाचा आहार यांना त्याच रकान्यात जागा मिळते. या मांडणीत दोन परंपरांना एकमेकींचा गळा धरावा लागत नाही.

फलकासाठी मी एवढाच मजकूर देईन:

'वासुदेव बळवंत फडके. जन्म ४ नोव्हेंबर १८४५, शिरढोण. जन्मठेपेची शिक्षा भोगत असताना एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी मृत्यू. मृत्यू क्षयाने झाल्याचे चरित्रपर लेखनात म्हटले आहे. त्यांनी अन्नत्याग केल्याचीही परंपरा आहे.'

पलायनाचा उल्लेख करायचाच असेल तर 'एडनच्या तुरुंगातून एकदा निसटले, पुन्हा पकडले गेले' एवढंच लिहा. तारीख मुंबईच्या खंडात सापडली की मगच घाला. फलक रंगवणाऱ्याला शेवटी एक ओळ मोकळी सोडायला सांगा.